छायाचित्रातला तक्ता आणि ४.०६ हा आकडा

साधक : आकड्यांचा तक्ता हाती आला की परिकल्पना-परीक्षणाची वाट ठरलेली असते, आणि तो तक्ता पुस्तकातून वाचला, फळ्यावरून उतरवला की भ्रमणध्वनीने टिपलेल्या छायाचित्रातून घेतला, याने त्या वाटेत फरक पडत नाही. परिकल्पना-परीक्षण म्हणजे हाती असलेल्या थोड्या निरीक्षणांवरून, म्हणजे नमुन्यावरून, ज्या मोठ्या समूहातून तो नमुना आला त्या समष्टीविषयीच्या एखाद्या विधानाची तपासणी करणे. संख्याशास्त्राच्या पुस्तकांत वारंवार येणारा एक तक्ता उदाहरणादाखल घेता येईल. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात काम करणाऱ्या विल्यम सीली गॉसेट यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने १९०८ साली ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात जो निबंध छापला, त्यात तो आहे. दहा रुग्णांना झोपेची दोन औषधे निरनिराळ्या वेळी दिली असता प्रत्येकाची झोप नेहमीपेक्षा किती तासांनी वाढली किंवा घटली, हे त्यात नोंदवलेले आहे.

| रुग्ण | पहिले औषध | दुसरे औषध |
|---|---|---|
| १ | ०.७ | १.९ |
| २ | −१.६ | ०.८ |
| ३ | −०.२ | १.१ |
| ४ | −१.२ | ०.१ |
| ५ | −०.१ | −०.१ |
| ६ | ३.४ | ४.४ |
| ७ | ३.७ | ५.५ |
| ८ | ०.८ | १.६ |
| ९ | ०.० | ४.६ |
| १० | २.० | ३.४ |
| सरासरी | ०.७५ | २.३३ |

प्रश्न सरळ आहे : दोन औषधांच्या परिणामांत खरोखर फरक आहे, की तक्त्यात दिसणारा फरक दहाच माणसे घेतल्यामुळे योगायोगाने पडलेला आहे? शून्य परिकल्पना म्हणजे तपासणीसाठी तात्पुरते खरे धरलेले ‘फरक नाही’ असे विधान. येथे ते असे की, अशा सर्व रुग्णांचा विचार केला तर दोन औषधांमधील सरासरी फरक शून्य आहे. पर्यायी परिकल्पना अशी की तो फरक शून्य नाही, मग तो कोणत्याही बाजूचा असो. नंतर प्रत्येक रुग्णाच्या दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा करायचा. दहा फरक मिळतात : १.२, २.४, १.३, १.३, ०, १.०, १.८, ०.८, ४.६ आणि १.४. त्यांची सरासरी १.५८ तास येते. हे फरक सरासरीभोवती किती विखुरलेले आहेत ते सांगणारे प्रमाण विचलन १.२३ आहे, आणि त्याला दहाच्या वर्गमुळाने भागले की ०.३८९ ही प्रमाण त्रुटी मिळते, म्हणजे असे दहा-दहा रुग्णांचे अनेक नमुने घेतले तर त्यांच्या सरासऱ्या एकमेकींपासून साधारण किती सरकतील त्याचा अंदाज. सरासरीला प्रमाण त्रुटीने भागून येणारे ४.०६ हे परीक्षण-मूल्य, ज्याला टी-मूल्य म्हणतात. दहा फरकांची स्वाधीनता मात्रा नऊ, कारण सरासरी एकदा ठरली की नऊ फरक मोकळे राहतात आणि दहावा आपोआप ठरतो. नऊ मात्रेसाठी, पाच टक्के सार्थकता पातळीवर, दोन्ही बाजू धरून कोष्टकातले क्रांतिक मूल्य २.२६२ आहे. क्रांतिक मूल्य ही सीमारेषा आहे : शून्य परिकल्पना खरी असेल तर टी-मूल्य या रेषेपलीकडे जाण्याची शक्यता पाच टक्केच असते. ४.०६ ही संख्या रेषेच्या बरीच पलीकडे आहे, म्हणून शून्य परिकल्पना नाकारायची. एवढ्यावर काम संपते.

बाधक : काम संपले असे वाटणे हाच या पद्धतीचा दोष मानावा लागेल, कारण वरच्या सगळ्या पायऱ्यांपैकी एकही पायरी तक्ता बरोबर वाचला गेला की नाही हे विचारत नाही. तोच तक्ता बारीक अक्षरांत छापलेला आहे, पानाच्या घडीवर सावली पडली आहे आणि छायाचित्र थोडे हललेले आहे, अशी कल्पना करावी. अशा चित्रात सर्वांत आधी नाहीसे होते ते वजाचिन्ह, कारण ती एक आडवी बारीक रेघ असते आणि तिच्या जागी काही उरत नाही. आकडा मात्र ठळक राहतो. या तक्त्यात पाच वजाचिन्हे आहेत, चार पहिल्या स्तंभात आणि एक दुसऱ्या. ती पाचही पुसली गेली असे धरून तुमच्याच पायऱ्या चालवून पाहाव्यात. दुसऱ्या रुग्णाचा फरक २.४ ऐवजी उणे ०.८ होतो, तिसऱ्याचा १.३ ऐवजी ०.९ आणि चौथ्याचा १.३ ऐवजी उणे १.१. पाचव्या रुग्णाची दोन्ही चिन्हे गेल्याने त्याचा फरक शून्यच राहतो. नव्या फरकांची सरासरी ०.९८ येते, प्रमाण विचलन १.५८, प्रमाण त्रुटी ०.५०, आणि टी-मूल्य १.९६. ही संख्या २.२६२ च्या अलीकडे आहे, म्हणून शून्य परिकल्पना नाकारता येत नाही. पाच बारीक रेघा गेल्या आणि निष्कर्ष उलटा झाला, तरी भागाकार बिनचूक, कोष्टक बिनचूक आणि निष्कर्षाचे वाक्यही व्याकरणशुद्ध आहे. आणखी एक गंमत अशी की १.९६ हा आकडा विद्यार्थ्यांच्या तोंडी बसलेला असतो, कारण मोठ्या नमुन्यांसाठी सामान्य वितरणाचे पाच टक्क्यांचे क्रांतिक मूल्य नेमके तेच आहे. एखादा विद्यार्थी ‘सीमेवर आले’ असे म्हणून समाधानी होईल आणि नऊ मात्रेचे कोष्टक उघडणारही नाही.

साधक : ही हरकत गंभीर आहे, पण तिचे उत्तर त्याच तक्त्यात आहे आणि ते आपल्या नजरेतून सुटले. तक्त्याच्या शेवटी सरासरीची ओळ छापलेली आहे : पहिल्या औषधाची ०.७५, दुसऱ्याची २.३३. वजाचिन्हे गमावलेल्या पहिल्या स्तंभाची बेरीज १३.७ येते आणि सरासरी १.३७. छापील ०.७५ शी ती जुळत नाही, हे पाहायला अर्धा मिनिट पुरतो. दुसऱ्या स्तंभाचा फरक मात्र लहान आहे, २.३३ ऐवजी २.३५; तेथे बेरजेत फक्त दोन दशांश तासांची चूक आहे, तरी तीही दिसते. म्हणून चित्रातून आकडे उतरवल्यावर पहिले काम टी-मूल्य काढण्याचे नसून, बेरीज करून छापील सरासरीशी ताडून पाहण्याचे आहे. चित्र काढताना तळाची ओळ कापली गेली असेल, आणि बहुतेकदा तीच कापली जाते, तर पुन्हा चित्र काढणे हेच बरोबर. काही चुका अर्थावरूनच पकडता येतात. नवव्या रुग्णाच्या ४.६ मधला दशांश बिंदू गळून ४६ वाचले गेले तर दिवसात चोवीस तास असल्यामुळे ती चूक कुणाच्याही लक्षात येईल.

बाधक : दशांश बिंदूची चूक अर्थावरून पकडता येते हे खरे, पण आकडेमोड तिच्याविषयी काय बोलते तेही पाहण्यासारखे आहे. ४६ धरले तर सरासरी फरक ५.७२ तास होतो, म्हणजे तिपटीहून अधिक, आणि तरी टी-मूल्य ४.०६ वरून १.२८ पर्यंत खाली येते. कारण एकच अवाढव्य आकडा सरासरी वाढवतो त्यापेक्षा विखुरण अधिक वाढवतो. फरक वाढला आणि पुरावा आटला, हे ज्याला आधी माहीत नाही, त्याला टी-मूल्याकडे पाहून चुकीचा वासही येणार नाही. झोपेच्या तासांना चोवीसची मर्यादा आहे म्हणून येथे सुटका झाली. तक्ता रुपयांचा, किलोंचा किंवा सूक्ष्मजीवांच्या संख्येचा असता तर अशी मर्यादा कुठून आणायची? वजाचिन्हाच्या बाबतीत तर अर्थाचीही मदत नाही. १.६ तास झोप वाढणे आणि १.६ तास घटणे दोन्ही सारखेच शक्य आहेत.

त्यातही मूळ निबंधातला तक्ता टिपला असेल तर तळाशी सरासरीखाली आणखी एक ओळ असते, प्रमाण विचलनाची, आणि तेथे फरकांच्या स्तंभाखाली १.१७ छापलेले आहे. वर आपण १.२३ काढले. कोण चुकले?

साधक : कोणीच नाही. गॉसेट यांनी फरकांच्या त्यांच्या सरासरीपासूनच्या विचलनांच्या वर्गांच्या बेरजेला दहाने भागून वर्गमूळ काढले. आज नमुन्यावरून समष्टीचा अंदाज करताना एक कमी करून नऊने भागतात. म्हणून त्यांचे १.१७ आणि आजचे १.२३ एकाच आकड्यांची दोन रूपे आहेत. छायाचित्रातले १.१७ तसेच उचलून त्याला दहाच्या वर्गमुळाने भागले तर टी-मूल्य ४.२७ येते, आणि ते चुकीचे आहे. १.१७ ला नऊच्या वर्गमुळाने म्हणजे तीनने भागले तर ०.३९ ही प्रमाण त्रुटी परत मिळते आणि टी-मूल्य पुन्हा चारच्या जवळ येते. गॉसेट यांनी टी-मूल्य काढलेच नव्हते. त्यांनी सरासरीला १.१७ ने भागून १.३५ ही संख्या घेतली आणि दुसरे औषध सरस असण्याची बाजू सुमारे ६६६ ला एक अशी भारी असल्याचे लिहिले. आज वापरात असलेले टी-मूल्याचे रूप रोनाल्ड फिशर यांच्या १९२५ सालच्या पुस्तकाने रुळवले, आणि त्या पुस्तकातही हाच तक्ता आहे. यातून घ्यायचे ते इतकेच की छापील आकडा घेताना तो कोणत्या भाजकाने काढला आहे ते पाहावे, आणि शक्य तेव्हा मूळ आकड्यांवरून आपणच तो काढावा.

बाधक : आकडे कसे वाचायचे हा भाग मान्य केला, तरी तक्त्यात जे छापलेलेच नाही ते कसे वाचायचे? दोन स्तंभ शेजारी छापले म्हणजे ते एकाच माणसांचे आहेत असे होत नाही. हाच तक्ता संख्याशास्त्रीय संगणक-प्रणालींमध्ये सरावासाठी ठेवलेला असतो आणि तेथे पुष्कळदा वीस ओळींचा एक स्तंभ व शेजारी ‘गट १’, ‘गट २’ अशी खूण एवढेच दिसते. पडद्याचे असे चित्र ज्याच्या हाती येईल तो स्वाभाविकपणे दोन वेगळे गट समजेल, दहा माणसे पहिल्या औषधाची आणि दहा दुसऱ्या औषधाची. त्याची आकडेमोड अशी होईल : दोन्ही गटांचे विखुरण एकत्र धरल्यास सरासऱ्यांतील फरकाची प्रमाण त्रुटी ०.८४९, टी-मूल्य १.८६, स्वाधीनता मात्रा अठरा, क्रांतिक मूल्य २.१०१. शून्य परिकल्पना नाकारता येत नाही. या वेळी एकही आकडा चुकीचा वाचला गेलेला नाही. सरासरीची ओळ तंतोतंत जुळते, १.५८ तासांचा फरकही तोच आहे. तरी निष्कर्ष उलट.

साधक : या ठिकाणी पद्धतीची खरी करामत दिसते, म्हणून थोडे थांबायला हवे. पहिल्या औषधाचा स्तंभ पाहिला तर आकडे उणे १.६ पासून ३.७ पर्यंत पसरलेले आहेत, आणि दुसऱ्याचा स्तंभही तसाच पसरलेला आहे. हे पसरणे बहुतांशी औषधाचे नाही, माणसांचे आहे. सहाव्या आणि सातव्या रुग्णाची झोप कोणत्याही औषधाने पुष्कळ वाढते. चौथ्याची आणि पाचव्याची कोणत्याही औषधाने फारशी वाढत नाही. दोन वेगळे गट मानले की माणसामाणसांतला हा सगळा फरक प्रमाण त्रुटीत शिरतो आणि औषधातला फरक त्याखाली दबतो. प्रत्येक रुग्णाची तुलना त्याच्याशीच केली, म्हणजे जोडीने फरक काढले, की माणसांचा हिस्सा वजाबाकीत जातो आणि प्रमाण त्रुटी ०.८४९ वरून ०.३८९ वर येते. अंश तोच राहून छेद निम्म्याहून खाली आल्यामुळे टी-मूल्य दुपटीवर जाते, आणि त्याची किंमत म्हणून स्वाधीनता मात्रा अठरावरून नऊवर येते. जोडी धरायची की नाही हे कोणते उत्तर आवडते त्यावर ठरत नाही. प्रयोग कसा केला त्यावर ठरते. येथे तीच दहा माणसे होती, म्हणून जोडीचे परीक्षणच बरोबर आहे.

बाधक : ‘प्रयोग कसा केला’ हे चित्रात कुठे आहे? चित्रात दोन स्तंभ आहेत आणि आकडे आहेत. प्रयोगाची हकीकत पानाच्या वरच्या परिच्छेदात असते आणि चित्र तक्त्यापुरतेच काढलेले असते. विद्यार्थी दोन्ही परीक्षणे करून पाहतो, एकातून ‘नाकारा’ आणि दुसऱ्यातून ‘नाकारता येत नाही’ असे उत्तर येते, आणि पुस्तकाच्या मागच्या उत्तराशी जे जुळते ते तो ठेवतो. त्याला ‘रुग्ण’ हा डावीकडचा छोटा स्तंभ दिसला, तर त्याच्यावरून जोडी ओळखता येते हे खरे. पण चित्र काढताना तो स्तंभ निरुपयोगी म्हणून वगळला जातो, कारण एक ते दहा हे अनुक्रमांक कुणाला महत्त्वाचे वाटत नाहीत.

आणि त्याहून खोल अडचण परिकल्पनेची आहे. आपण सांगितलेल्या पायऱ्यांत परिकल्पना पहिली आणि आकडेमोड नंतर आहे. छायाचित्र हाती असलेल्या माणसाच्या बाबतीत हा क्रम कधीच खरा नसतो : आकडे त्याने आधी पाहिलेले असतात. दुसरा स्तंभ मोठा आहे हे त्याच्या डोळ्यांना दिसल्यावर तो पर्यायी परिकल्पना कशी लिहील? ‘फरक शून्य नाही’ ऐवजी ‘दुसरे औषध अधिक झोप देते’ असे एका बाजूचे विधान लिहिण्याचा मोह होणारच. आणि एका बाजूच्या परीक्षणात पाच टक्के एकाच टोकाला जातात, म्हणून सीमारेषा अलीकडे येते : नऊ मात्रेसाठी १.८३३, अठरा मात्रेसाठी १.७३४. आता मागचे दोन्ही चुकलेले हिशेब पाहावेत. वजाचिन्हे गमावलेला १.९६ हा आकडा १.८३३ च्या पलीकडे गेला. चुकीने दोन गट मानलेला १.८६ हा १.७३४ च्या पलीकडे गेला. दोन्ही चुका असूनही शून्य परिकल्पना नाकारली गेली, आणि उत्तर पुस्तकाशी जुळले! बरोबर उत्तर चुकीच्या वाटेने आले की त्या वाटेची तपासणी कोणीही करत नाही.

साधक : बाजू तक्त्याकडे पाहून निवडू नये, प्रश्नाकडे पाहून निवडावी, एवढेच यावर म्हणता येते. प्रश्न ‘दोन औषधांत फरक आहे का’ असा असेल तर दोन बाजू. दुसरे औषध नवे आणि महाग असून ते जुन्यापेक्षा सरस असेल तरच घ्यायचे असे आधीच ठरलेले असेल, आणि ते वाईट निघाले काय किंवा सारखेच निघाले काय, कृती एकच असेल, तर एक बाजू. आकडे पाहिल्यानंतर बाजू ठरवणाऱ्याने पाच टक्क्यांची म्हटलेली चूक प्रत्यक्षात दहा टक्के केलेली असते, कारण आकडे उलट दिसले असते तर त्याने उलट बाजू लिहिली असती. शंका असेल तेथे दोन बाजू घ्याव्यात. गॉसेट यांनी स्वतः ‘दुसरे सरस’ अशा एका बाजूनेच विचार केला होता, हे आपल्या बाजूने मांडता येईल, पण ४.०६ एवढा आकडा असताना तो वाद शिल्लक राहत नाही. एक टक्का पातळीवर दोन बाजूंचे क्रांतिक मूल्य ३.२५० आहे आणि ४.०६ त्याच्याही पलीकडे आहे.

बाधक : ४.०६ मोठा आहे, पण तो नवव्या रुग्णावर उभा नाही ना? बाकी सगळे फरक शून्य ते २.४ च्या दरम्यान आहेत आणि हा एकटा ४.६. एका माणसाने निकाल ओढून नेला असावा अशी शंका कोणालाही येईल.

साधक : शंका रास्त आहे आणि तिची तपासणी हाताने करता येते. नववा रुग्ण काढून उरलेल्या नऊ फरकांवर हिशेब केला तर सरासरी १.५८ वरून १.२४ वर येते, परंतु प्रमाण विचलन १.२३ वरून ०.६६ वर येते, प्रमाण त्रुटी ०.२२ होते आणि टी-मूल्य ५.६६. आठ मात्रेचे क्रांतिक मूल्य २.३०६. म्हणजे ज्याने निकाल ओढून नेला असे वाटले, तो निकालाला मागे खेचत होता. वर ४६ च्या चुकीत जे दिसले तेच लहान प्रमाणात येथे आहे. अर्थात यावरून नवव्या रुग्णाला तक्त्यातून काढण्याचा परवाना मिळत नाही, कारण चुकीचा पुरावा नसताना न पटणारा आकडा गाळणे म्हणजे उत्तर पाहून प्रश्न बदलणे. त्याच्यासह आणि त्याच्याविना निष्कर्ष तोच राहतो, एवढे नोंदवावे.

बाधक : हे उत्तर चांगले आहे, आणि यावर पुढे ताणण्यात अर्थ नाही. पण निष्कर्षाच्या वाक्याकडे वळले पाहिजे, कारण तेथे सगळ्यात जास्त ढिलाई चालते. ‘शून्य परिकल्पना नाकारली’ याचा अर्थ उत्तरपत्रिकांत ‘दुसरे औषध चांगले आहे हे सिद्ध झाले’ असा लिहिला जातो, आणि जेथे नाकारता येत नाही तेथे ‘शून्य परिकल्पना स्वीकारली, म्हणजे औषधे सारखी आहेत’ असा. वजाचिन्हे गेलेल्या तक्त्यावरून हे दुसरे वाक्य लिहिणारा माणूस दोन चुका एकदम करतो.

साधक : दुसरे वाक्य निश्चितच चूक आहे. पुरावा अपुरा पडणे आणि उलट बाजू सिद्ध होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न्यायालयात आरोप शाबित झाला नाही म्हणून निरपराधत्वाचा दाखला मिळत नाही. पहिल्या वाक्याऐवजी असे लिहावे : पाच टक्के सार्थकता पातळीवर, नऊ स्वाधीनता मात्रेने, टी-मूल्य ४.०६ हे क्रांतिक मूल्य २.२६२ पेक्षा मोठे असल्याने दोन औषधांमधील सरासरी फरक शून्य आहे ही परिकल्पना नाकारली जाते, आणि या रुग्णांत दुसऱ्या औषधाने सरासरी १.५८ तास अधिक झोप दिसून आली. त्यासोबत विश्वासांतर दिले तर निष्कर्ष आणखी प्रामाणिक होतो : १.५८ च्या दोन्ही बाजूंना २.२६२ गुणिले ०.३८९, म्हणजे सुमारे ०.८८ तास, म्हणून खरा सरासरी फरक सुमारे ०.७ ते २.४६ तासांच्या दरम्यान असावा. पाऊण तास की अडीच तास, हे या तक्त्याने ठरलेले नाही. ‘फरक आहे’ एवढ्या शब्दांत ते झाकले जाते.

बाधक : तरीही ‘या रुग्णांत’ हा शब्द उरतो, आणि तोच सर्वांत कठीण आहे. हे दहा रुग्ण अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातील कालामाझू येथील मनोरुग्णालयातले होते. कश्नी आणि पीबल्स या दोघांनी तेथील निरीक्षणे १९०५ साली छापली आणि गॉसेट यांनी ती आपल्या निबंधासाठी उचलली. म्हणजे गॉसेट यांच्याकडेही दुसऱ्याचा तक्ताच होता. शिवाय त्यातला प्रत्येक आकडा एका रात्रीचा नाही. अनेक रात्रींची सरासरी काढून तो बनवलेला आहे. तक्ता ते सांगत नाही, आणि टी-मूल्य प्रत्येक ओळीला सारखेच वजन देते. ज्या समष्टीविषयी विधान करायचे, ती कोणती? सर्व निद्रानाशाचे रुग्ण? त्या काळच्या मनोरुग्णालयांतले सर्व? की तेच दहा? पायऱ्या हे विचारत नाहीत, आणि विचारले तरी चित्रात उत्तर नाही.

साधक : पायऱ्यांनी ते विचारावे अशी अपेक्षा नव्हती. पण त्या लिहून काढल्यामुळेच प्रत्येक शंकेला बोट ठेवायला जागा मिळाली, हे आपण नाकारू नये. जोडीची शंका स्वाधीनता मात्रेवर बोट ठेवून घेतली गेली, वजाचिन्हाची सरासरीवर, बाजूची क्रांतिक मूल्यावर. नुसते ‘दुसरे औषध चांगले’ असे म्हटले असते तर यांपैकी एकही शंका उभी राहिली नसती.

बाधक : हे मान्य. मग एवढेच सांगावे की त्या पायऱ्यांपैकी कोणती पायरी औषधाचे नाव तपासते?

साधक : कोणतीही नाही.

बाधक : आणि नेमके तेच चुकले होते. १९०८ च्या निबंधात स्तंभांवर दिलेली औषधांची नावे कश्नी आणि पीबल्स यांच्या मूळ नोंदींशी जुळत नाहीत. टी-मूल्य तरी ४.०६ च आहे.